कीबोर्ड आणि पेटीच्या कळकट, पिवळ्या पट्ट्या: आत पाणी न जाऊ देता साफ करताना पडणारे प्रश्न

पट्ट्या पुसणं दिसायला सोपं काम आहे, आणि म्हणूनच त्यात वाद्यं बिघडतात. मळ जातो, पण दुसऱ्या दिवशी एखादी पट्टी मुकी झालेली असते किंवा पेटीचा एक सूर कोणी हात न लावताच वाजत राहतो. बहुतेक वेळा दोष साबणाचा किंवा स्पिरिटचा नसतो, फडक्यात उरलेल्या जास्तीच्या पाण्याचा असतो. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत मी पुन्हापुन्हा फडक्याकडेच येणार आहे.

पट्ट्या पिवळ्या दिसतात. हा मळ आहे की प्लास्टिकच पिवळं पडलंय?

आधी हे ठरवा, कारण मळ निघतो, पिवळेपणा पुसून निघत नाही. ओळखायला दोन खुणा पुरतात.

पहिली खूण म्हणजे डाग कुठे आहे. मळ बोटं पडतात तिथे साचतो, म्हणजे पट्टीच्या पुढच्या निम्म्या भागात, पुढच्या कडेवर आणि मधल्या सप्तकात जास्त. दोन्ही टोकांच्या पट्ट्या, ज्यांना फारसा कोणी हात लावत नाही, त्या स्वच्छ असतात. प्लास्टिकच पिवळं पडलं असेल तर रंग एकसारखा असतो आणि टोकाच्या पट्ट्याही तितक्याच पिवळ्या दिसतात. वाद्याची एक बाजू खिडकीकडे राहत असेल तर त्या बाजूला रंग गडद असतो.

दुसरी खूण लपलेल्या भागात सापडते. कीबोर्डवर एक पांढरी पट्टी पूर्ण खाली दाबून धरा आणि शेजारच्या पट्टीची उघडी पडलेली बाजू बघा. तिथे उजेड पोचलेला नसतो, त्यामुळे मूळ रंग शाबूत असतो. पेटीचं वरचं झाकण काढलं तर पट्टीच्या मागच्या, झाकणाखालच्या भागातही तोच रंग दिसेल, अर्थात पांढरा पत्रा तिथपर्यंत लावलेला असेल तर. हा भाग पांढरा आणि पुढचा भाग पिवळा असेल, आणि ओलसर फडकं फिरवूनही फडक्यावर काही येत नसेल, तर तो मळ नाही.

बहुतेक जुन्या वाद्यांत दोन्ही एकत्र असतं. आधी मळ काढा. खाली उरलेला पिवळेपणा वाटला होता त्यापेक्षा कमी असतो, हा माझा तरी अनुभव आहे.

पाणी आत गेलं तर नेमकं काय बिघडतं?

कीबोर्ड आणि पेटी इथे एकमेकांपासून अगदी वेगळ्या आहेत, आणि पुसण्याची सगळी पद्धत या फरकावर ठरते.

कीबोर्डची पट्टी म्हणजे एबीएस प्लास्टिकचा पोकळ तुकडा. तो ओला झाला तरी त्याला स्वतःला काही होत नाही. धोका त्याच्याखाली असतो. प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा फुगवटा असतो आणि त्याच्या आत कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की ते खालच्या सर्किट बोर्डावर टेकतात. दाब ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये असे सहसा दोन ठिपके असतात, एक किंचित आधी टेकतो, दुसरा नंतर. या दोघांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही हळू वाजवलंत की जोरात. थेंबभर साबणपाणी तिथे पोचलं, वाळलं आणि पातळ थर ठेवून गेलं, तर ठिपका नीट टेकत नाही. मग पट्टी वाजत नाही, अडखळून वाजते, किंवा मधला वेळ चुकीचा मोजला गेल्यामुळे हलक्या बोटालाही एकदम कानठळ्या बसवणारा आवाज देते.

पेटीत विजेचं काही नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. खरं तर पाण्याला पेटी जास्त घाबरते. तिची पट्टी लाकडाची असते आणि तिच्यावर पांढरा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. बाजू बहुधा उघड्या लाकडाच्या. मागच्या बाजूला, पट्टीखाली, कातडं लावलेली एक झडप असते. ती रीडवरचं भोक झाकून ठेवते आणि पट्टी दाबली की उचलली जाते. आता पाण्याचा प्रवास बघा. लाकूड फुगलं की पट्टी शेजारणीला घासते किंवा खाली अडकते. कातडं ओलं होऊन वाळलं की कडक होतं, वाकतं आणि भोक पूर्ण झाकत नाही. पत्र्याखालचं चिकट सुटलं की पत्र्याचं टोक उचललं जातं. रीड पितळेची असते, तिला हिरवा कीट चढला की सूर बदलतो. म्हणजे कीबोर्डमध्ये पट्टीखालचं वाचवायचं असतं, पेटीत खुद्द पट्टीही वाचवायची असते.

फडकं किती ओलं असावं?

‘किंचित ओलसर’ असं सगळेच सांगतात आणि प्रत्येकाच्या हातात ते वेगळं होतं. म्हणून मी एक चाचणी करते.

मायक्रोफायबरचं फडकं तळहाताएवढं कापून घ्या. मोठं फडकं नको, त्याचं लोंबणारं ओलं टोक भलत्याच फटीवर टेकतं. ते पाण्यात बुडवा, पिळा, पुन्हा पिळा. मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलवर गुडघा देऊन दाबा. आता ते टिश्यू पेपरवर ठेवून पाच आकडे मोजेपर्यंत बोटाने दाबा. उचलल्यावर टिश्यूवर पसरणारा ओला डाग दिसला तर फडकं अजून ओलं आहे. नुसता गारवा लागला आणि ठसा दिसता दिसता विरला, तर ते कीबोर्डसाठी तयार आहे.

पेटीसाठी याहून कोरडं हवं. फडक्याचा फक्त एक कोपरा, तोही वरच्या चाचणीत पास झालेला, आणि त्याच हातात दुसऱ्या बोटावर कोरडं फडकं. पट्टीवरून हात फिरवल्यावर ओलाव्याची झाक दोन-तीन सेकंदांत उडून जायला हवी. उडत नसेल तर थांबा आणि फडकं पुन्हा टॉवेलमध्ये दाबा.

पेटीसाठी याहून साधा उपायही आहे: तोंडाची वाफ. चष्म्याची काच पुसतो तसं पट्टीवर ‘हाऽ’ करून लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. रोजच्या हाताळणीचा मळ एवढ्यानेही निघतो आणि थेंब तयार व्हायची शक्यताच नसते.

पाण्यात काय घालू? स्पिरिट, काच पुसायचं द्रव, टूथपेस्ट, सोडा?

पट्टीवरचा मळ म्हणजे त्वचेचं तेल, घाम आणि त्यावर बसलेली धूळ. तेल सोडवायला भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पुरतात, तेही वाटीभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर कोमट पाण्यात. फेस येत असेल तर साबण जास्त झाला. त्यानंतर साध्या पाण्याच्या, तितक्याच पिळलेल्या फडक्याने एक हात आणि मग कोरडं. मधला हात गाळू नका. साबणाचा थर राहिला की पट्टी चिकट लागते आणि महिन्याभरात दुप्पट धूळ धरते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल कीबोर्डच्या एबीएस पट्ट्यांवर अडलेल्या डागापुरतं चालतं, कापसाच्या काडीला टेकवून, कपाटाच्या चावीएवढ्या जागेवर. वरच्या पॅनेलवरची छापील अक्षरं त्याने पुसली जाऊ शकतात, तेव्हा तिकडे नेऊ नका. पेटीच्या जवळ मात्र ते आणूच नका. लाकडावरचं पॉलिश चपड्याचं असेल तर अल्कोहोल ते विरघळवतं आणि बोटाएवढा पांढुरका डाग कायमचा राहतो. जुन्या पेटीच्या पट्ट्यांवरचा पत्रा सेल्युलॉइडचा असू शकतो. त्यालाही अल्कोहोल सोसत नाही. ॲक्रिलिकचा असेल तर केसासारख्या बारीक भेगा पडतात.

नेलपेंट काढायचं ॲसिटोन एबीएस आणि सेल्युलॉइड दोन्ही वितळवतं. अमोनिया असलेलं काचेचं द्रव आणि ब्लीच दोन्ही वाद्यांसाठी बाद. टूथपेस्ट, सोडा आणि तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज यांनी पट्टी झटकन उजळ दिसते हे खरं, पण ते मळ धुत नाहीत, पृष्ठभाग घासून काढतात. चकाकी गेलेली पट्टी पुढे लवकर मळते. शिवाय सोड्याची आणि पेस्टची भुकटी फटीतून आत जाते, आणि ती पाण्यासारखी उडून जात नाही.

कीबोर्ड पुसायचा क्रम कसा ठेवायचा?

अलीकडेच हाताखालून गेलेल्या कीबोर्डचंच उदाहरण देते. ६१ पट्ट्यांचा, म्हणजे ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या. गाण्याच्या वर्गातली मुलं त्यावर सराव करायची आणि दोन वर्षं कोणी फडकं लावलं नव्हतं. मधल्या दोन सप्तकांच्या पांढऱ्या पट्ट्यांना पुढच्या कडेवर तपकिरी रेघ होती, आणि काळ्या पट्ट्यांच्या बुडाशी, जिथे त्या पांढऱ्यांना भिडतात, तिथे राखाडी चिकटा.

अ‍ॅडॉप्टर काढला, बॅटऱ्याही काढल्या. बंद केलेल्या कीबोर्डातही बॅटरीची वीज असते आणि ओलाव्यासोबत ती संपर्क खराब करते. मग कोरडं काम. कीबोर्ड उलटा धरून पाठीवर हळूच थोपटलं, पेन्सिलचं टोक, शेंगदाण्याची सालं आणि बरीच धूळ पडली. सरळ करून मऊ रुंद ब्रश पट्ट्यांवरून मागून पुढे फिरवला. हे कोरडं काम आधीच करावं लागतं, कारण ओलं फडकं धुळीवर फिरलं की चिखल होतो आणि तो चिखल फटीत जातो.

मग पाच-पाच पांढऱ्या पट्ट्या घेतल्या. प्रत्येक पट्टीवर फडकं मागून पुढे, स्वतःकडे ओढत, एकाच दिशेने. आडवं कधीच नाही. आडवं पुसलं की पट्टीची कड फडकं पिळते आणि पाणी नेमकं फटीत टाकते. मागून पुढे आलं तर चुकून जमलेला ओलावा पुढच्या कडेवरून फडक्यातच येतो. पाच झाल्या की लगेच साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं, मग पुढच्या पाच. एकदम सगळा कीबोर्ड ओला करून मग वाळवायला गेलो तर पहिल्या पट्टीवरचं पाणी तोवर आपली वाट शोधतं.

पुढच्या कडेवरची तपकिरी रेघ तीनदा पुसूनही जाईना. तिथे जोर लावायचा मोह होतो. त्याऐवजी मी ओलसर फडक्याची घडी कडेवर वीस सेकंद नुसती टेकवून ठेवली. तेल मऊ झालं आणि पुढच्या ओढीत रेघ फडक्यावर आली. कडेवर हे करता येतं, कारण तिच्याखाली फट नाही. पट्टीच्या बाजूला हे कधीही करू नये.

काळ्या पट्ट्यांना वेगळं फडकं. त्यांच्या बुडाशी कापसाची काडी वापरली, पण काडी थेट पाण्यात बुडवली नाही, ओल्या फडक्यावर लोळवली. बुडवलेल्या काडीच्या टोकाला थेंब लटकतो आणि बुडाशी टेकवताच फटीत उतरतो. काडी पट्टीच्या रेषेत फिरवायची, फटीत खुपसायची नाही.

पट्ट्यांच्या बाजूंचा मळ हा नाजूक भाग. शेजारची पट्टी दाबून धरली की बाजू उघडी पडते. तिथे फक्त कोरडं फडकं किंवा तोंडाच्या वाफेने दमट केलेली काडी. वरून बघताना बाजू दिसत नाही, तेव्हा तिथला थोडा मळ राहिला तरी मी सोडून देते.

एवढ्याला दीड तास लागला आणि पाण्याची वाटी जवळपास भरलेलीच राहिली.

पेटीसाठी याच क्रमात काय बदलतं?

तीन गोष्टी. पहिली, पेटी उलटी करून थोपटायची नाही. भात्यातली आणि रीडच्या खोबणीतली धूळ त्याने सुटते आणि रीडच्या फटीत अडकते. मग सूर घोगरा होतो किंवा उमटतच नाही. धूळ फक्त ब्रशने, मागून पुढे.

दुसरी, भाता बंद आणि त्याचा पट्टा अडकवलेला असू द्या, समोरचे हवेचे नॉब आत ढकलून ठेवा आणि पुसताना पट्टी दाबू नका. पट्टी दाबली की झडप उघडते आणि रीडवरचं भोक उघडं पडतं. दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टीच्या पुढच्या टोकाखाली हलकासा आधार दिलात तर पुसताना ती खाली जात नाही.

तिसरी, पट्टीच्या बाजूंना ओलावा अजिबात लावायचा नाही. उघडं लाकूड आहे ते. बाजूला काळपटपणा असेल तर कोरडं फडकं, आणि त्याने गेला नाही तर राहू द्या. पांढऱ्या पत्र्याची कड आणि लाकूड यांच्या सांध्यावरून फडकं नेताना हात आणखी हलका ठेवा, पत्रा उचलायला सुरुवात तिथूनच होते. पत्र्याचं टोक आधीच उचललेलं असेल तर त्या पट्टीला ओलसर फडकं नकोच.

पेटीच्या काळ्या पट्ट्या रंगवलेल्या लाकडाच्या असतील तर फडक्यावर काळा रंग येऊ लागेल. तो मळ समजून पुसत राहिलात तर दहा मिनिटांत पट्टी करड्या रंगाची होईल. फडक्यावर राखाडी आलं तर मळ, काळं आलं तर थांबायचं.

फवारा थेट पट्ट्यांवर नाही मारायचा, हे माहीत आहे. पण एक-दोन फवाऱ्यांनी काय होतंय?

मीही असंच म्हणाले होते. माझ्या जुन्या कीबोर्डवर दोन फवारे मारले, लगेच पुसलं, सगळं छान दिसत होतं. संध्याकाळी वाजवायला बसले तर मधल्या सप्तकातल्या सलग तीन पट्ट्या, कितीही हलकं बोट ठेवलं तरी, ओरडत होत्या. पट्ट्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर असते, पण फवाऱ्याचे थेंब त्याहून कितीतरी बारीक असतात. ते पट्टीवर जेवढे पडतात तेवढेच फटीतही पडतात, आणि फटीतलं पुसता येत नाही. दोन दिवस उलटा ठेवल्यावर दोन पट्ट्या सुधारल्या. तिसरीसाठी कीबोर्ड उघडावा लागला. आत कार्बनच्या ठिपक्यावर वाळलेल्या द्रवाचा पांढुरका थर होता.

बाजारात मिळणारे ओले वाइप्सही याच गटातले. नवीन पाकिटातला पहिला वाइप दाबला तर चक्क थेंब पडतो. वापरायचाच असेल तर टिश्यूची चाचणी त्यालाही लावा.

पट्ट्यांवर मार्करने ‘सा रे ग म’ लिहिलंय, स्टिकर लावलेत. ते कसे काढायचे?

स्टिकर नखाने एका कोपऱ्यातून उचलून, जवळपास आडवा ओढत, सावकाश काढा. उरलेला गोंद ओला करू नका. चिकटपट्टीचा तुकडा त्यावर दाबून झटकन उचला, दहा-पंधरा वेळा केलं की बराचसा गोंद चिकटपट्टीवर येतो. राहिलेला बोटाने चोळून गोळ्या करायच्या, पण खाली फटींवर कागदाची पट्टी आडवी धरा, नाहीतर त्या गोळ्या आत जातील. कीबोर्डवर शेवटचा चिकटपणा खोबरेल तेलाच्या अगदी पुसट बोटाने निघतो, नंतर साबणाचा हात द्यायचा. पेटीच्या पट्टीला तेल नको. कडेने ते लाकडात मुरतं.

पक्का मार्कर कीबोर्डच्या पट्टीवर अल्कोहोल टेकवलेल्या काडीने जातो. अक्षराच्या बाहेरून आत पुसा, म्हणजे शाई पसरणार नाही. पेटीवर मार्कर असेल तर माझा सल्ला असा, की साबणाच्या फडक्याने जेवढा जाईल तेवढा घालवा आणि उरलेला ‘सा’ राहू द्या. तो घालवायच्या नादात पत्रा खराब झालेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं करता येतं का?

कीबोर्डचं, काही अंशी. एबीएस प्लास्टिक ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे वरच्या थरात बदलतं आणि पिवळं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश एकत्र वापरून तो रंग फिका करता येतो. जुन्या संगणकांचे शौकीन हे नेहमी करतात. पण अट अशी, की पट्ट्या वाद्यातून काढून, सुट्ट्या करून, स्प्रिंगा आणि ग्रीस बाजूला ठेवून हे करायचं असतं. वाद्यात बसलेल्या पट्ट्यांवर पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवणं म्हणजे तासन्‌तास ओलं रसायन फटींच्या काठावर ठेवणं. ते आत जाणार म्हणजे जाणारच.

काढून केलं तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. क्रीम मध्येच वाळलं किंवा सगळीकडे सारखं लागलं नाही तर संगमरवरासारखे पांढरे-पिवळे ढग उमटतात आणि ते मूळ पिवळेपणापेक्षा वाईट दिसतात. आणि पिवळेपणा पुढे हळूहळू परत येऊ शकतो. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड फार सावकाश काम करतं. त्याहून तीव्र असेल तर हातमोजे आणि चष्मा लागतो.

पेटीच्या पट्ट्यांना हे लावू नये. लाकडावरून पत्रा काढल्याशिवाय ते करता येत नाही, आणि काढायचाच तर नवा पत्रा बसवून घेणं बरं. ते कारागिराचं काम आहे, कारण पत्र्याची जाडी बदलली की पट्ट्यांची उंची बदलते. जुन्या परदेशी बनावटीच्या पेटीवर हस्तिदंतही असू शकतो. त्यात लाकडासारख्या बारीक रेषा दिसतात. त्याला तर ओलसर फडकंही जपून.

पुसून झाल्यावर आत पाणी गेलं नाही हे कसं तपासायचं?

कीबोर्ड लगेच चालू करू नका, दोन-तीन तास तसाच राहू द्या. मग पियानोचा आवाज निवडा आणि दाबानुसार आवाज बदलण्याची सोय चालू करा. एका टोकापासून प्रत्येक पट्टी तीनदा वाजवा, अगदी हलकी आणि तीनही वेळा सारखी. एखादी न वाजणं, तीनपैकी एकदाच वाजणं किंवा एकदम मोठ्याने वाजणं या तिन्ही खुणा संपर्कातल्या ओलाव्याच्या किंवा थराच्या आहेत. ऑर्गनच्या आवाजावर ही चाचणी करू नका. त्यात बहुधा दाबाने फरक पडत नाही आणि दोष लपतो.

त्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर एक काळी पट्टी तीनपैकी दोनदा जोरात वाजली. पुसताना तिच्याच बुडाशी मी काडी दोनदा जास्त फिरवली होती. बंद करून, पट्ट्या खाली येतील असा दोन टेकूंवर उलटा ठेवला, पट्ट्यांवर वजन येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती इतरांसारखी वाजू लागली.

पेटीत आधी डोळ्यांनी बघा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एका रेषेत आहेत का? एखादी खाली राहिली असेल तर लाकूड फुगलंय. मग नॉब उघडून भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता कान द्या. सूर किंवा फुसफुस ऐकू आली तर कुठलीतरी झडप नीट बसलेली नाही. कुठली ते शोधायला पट्ट्या एकेक करून वर हलक्याच उचलून बघा, जिथे आवाज बदलतो ती. अर्थात पुसण्याआधी हीच चाचणी केलेली असेल तरच आधीची गळती कुठली आणि आपली कुठली हे कळेल.

थेंब आत गेलाच, तर?

कीबोर्ड चालू असेल तर ताबडतोब बंद, अ‍ॅडॉप्टर आणि बॅटऱ्या बाहेर, पट्ट्या खाली येतील असा उलटा. वाजते का हे बघायला मध्येच चालू करायचं नाही. साधं पाणी असेल तर ४८ तास हवेशीर जागेत. गरम हवेचा ड्रायर नको, त्याने थेंब आणखी आत ढकलला जातो आणि पट्ट्या वाकू शकतात. तांदळात ठेवण्यापेक्षा पंख्याखाली ठेवणं केव्हाही बरं.

चहा, सरबत किंवा साबणाचं पाणी असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, मागे थर राहतो. कीबोर्ड उघडून रबराची पट्टी काढावी लागते, ती आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून पूर्ण वाळवावी लागते. कार्बनचे ठिपके खरवडायचे नाहीत, कार्बन गेला की पट्टी कायमची गेली. उघडायची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा.

पेटीत थेंब गेला तर भाता मारू नका. झाकण काढून टिपकागदाने जेवढं दिसतं तेवढं टिपा, मग झाकण उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस. उन्हात ठेवलेलं लाकूड एका बाजूने लवकर वाळून वाकतं. दोन दिवसांनी पट्टी अजून अडकत असेल तर ती घासून बारीक करू नका. लाकूड पूर्ण वाळून मूळ आकाराला यायला आठवडाही लागतो, आणि आज घासलेली पट्टी पुढच्या आठवड्यात खुळखुळेल.

किती दिवसांनी पुसायचं?

ओलसर फडकं वर्षातून दोनदा पुरे, पेटीला एकदाच. वाजवून झाल्यावर कोरडं फडकं मात्र रोज, मागून पुढे.